डबेवाले, चार चौकोन आणि पुरावा

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने मुंबईच्या डबेवाल्यांवर लिहिलेली केस स्टडी उघडली, की मध्यावर कुठेतरी चार चौकोनांचं एक पान येतं. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. यालाच स्वॉट म्हणतात. पहिल्या चौकोनात पहिली ओळ बहुतेक वेळा ठरलेली असते : ‘सिक्स सिग्मा प्रमाणपत्र’. पुढे ‘उत्तम टीमवर्क’, ‘कमी खर्च’. उणिवांत ‘तंत्रज्ञानाचा अभाव’, संधींत ‘मोबाइल ॲप’, धोक्यांत ‘वाढती स्पर्धा’. पान दिसायला नेटकं असतं आणि वाचणारा ते उलटून पुढे जातो, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं. शिवाय पहिलीच ओळ चुकीची असते. असं प्रमाणपत्र डबेवाल्यांना कुणीही दिलेलं नाही.

डबेवाल्यांविषयी इतकी चांगली माहिती उपलब्ध असताना हे पान इतकं रिकामं का राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्वॉट हा चार चौकोन भरण्याचा खेळ नव्हे. केस स्टडीच्या रचनेत त्याचं काम नेमकं आहे. आधी संस्थेची ओळख आणि तिच्यापुढचा प्रश्न येतो. नंतर पर्याय आणि शिफारस येतात. या दोहोंच्या मध्ये, जमवलेली माहिती त्या प्रश्नाच्या अंगाने लावून दाखवायची, ही स्वॉटची जागा. म्हणून त्यातल्या प्रत्येक ओळीला दोन कसोट्या लागतात. ही ओळ कशाच्या आधारावर लिहिली? आणि ती काढून टाकली तर शिफारशीत काही बदल होईल का?

ही पद्धत आली कुठून, याबद्दल एकमत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत काम करणाऱ्या अल्बर्ट हंफ्री यांचं नाव घेतलं जातं. त्याच दशकात, १९६५मध्ये, हार्वर्डच्या लर्नेड, क्रिस्टन्सन, अँड्र्यूज आणि गुथ या प्राध्यापकांचं केस स्टडींचं पाठ्यपुस्तक निघालं. संस्थेच्या आत काय आहे आणि बाहेर काय चाललं आहे, हे शेजारी-शेजारी ठेवून धोरण ठरवायचं, ही विचारपद्धत त्यातून वर्गावर्गांत गेली. म्हणजे केस स्टडी आणि हा विचार यांची सोबत जुनी आहे.

आता डबेवाल्यांचीच केस घेऊन हे पान नीट कसं लिहायचं ते पाहू. चौकोन आखण्याआधी दोन गोष्टी लिहून टाकाव्या लागतात : आपण कोणाबद्दल बोलतोय, आणि कोणत्या दिवसाबद्दल.

‘कोणाबद्दल’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महादेव हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास शंभरेक माणसं घेऊन हे काम सुरू केलं, असं सांगितलं जातं. ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ची नोंदणी १९५६मध्ये झाली. व्यवसाय सांभाळणारं मंडळ त्यानंतरचं. पण रोजचा धंदा ट्रस्ट करत नाही आणि मंडळही करत नाही. तो करतात वीस-पंचवीस माणसांचे गट. प्रत्येक गटाला मुकादम असतो, गिऱ्हाइकं गटाची असतात, पैसे गटात वाटले जातात. ‘निर्णय घेण्यास वेळ लागतो’ अशी उणीव लिहिली तर ती मध्यवर्ती मंडळाला लागू होईल. गटाला मात्र ती लागू होणार नाही, कारण गटात निर्णय स्टेशनवर उभ्याउभ्या होतात. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं : ‘या विभागात संस्था म्हणजे सर्व गट मिळून चालणारी डबे पोहोचवण्याची व्यवस्था.’

दुसरी गोष्ट तारीख. आपण डिसेंबर २०१९ धरू. त्या वेळी सुमारे ५,००० डबेवाले आणि रोजचे सुमारे दोन लाख डबे, असे आकडे सर्वत्र दिले जात होते. प्रश्न असा ठरवू : पुढच्या पाच वर्षांत ही गिऱ्हाइकं टिकवण्यासाठी व्यवस्थेने काय करावं? तारीख आणि प्रश्न ठरला की अर्ध्याअधिक ओळी आपोआप गळतात. ‘इंग्लंडच्या राजपुत्राची भेट’ ही २००३ची घटना अभिमानाची आहे, पण गिऱ्हाईक टिकण्याशी तिचा संबंध दाखवता येत नसेल तर तिची जागा संस्थेच्या ओळखीत आहे, या पानावर नाही.

आता त्या सिक्स सिग्माकडे येऊ. यातच पुराव्याचा सगळा धडा आहे. १९९८मध्ये फोर्ब्सच्या एका लेखाने डबेवाल्यांच्या अचूकतेकडे जगाचं लक्ष वेधलं. त्यानंतर दोन आकडे फिरत राहिले. कुणी म्हणतं ६० लाख फेऱ्यांमागे एक चूक, कुणी म्हणतं १ कोटी ६० लाखांमागे एक. हिशेब करून पाहा. दोन लाख डबे, जाताना एक फेरी आणि रिकामा परत येताना दुसरी, म्हणजे दिवसाला चार लाख. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ कोटी फेऱ्या. पहिल्या आकड्यानुसार वर्षभरात २० चुका होतात, दुसऱ्यानुसार साडेसात. सिक्स सिग्माची रूढ मर्यादा दहा लाखांमागे ३.४ चुकांची आहे. फेरी हे एकक धरलं तर त्या मर्यादेतही वर्षाला ४०८ चुका बसतात. पण एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हातबदल ही चुकीची एक शक्यता असते, म्हणून तसं मोजलं तर आकडा आणखी बदलतो.

साडेसात, वीस आणि चारशे आठ यांतला खरा कोणता, हे ठरवायला चुकांची नोंदवही लागते. चूक म्हणजे काय, हेही ठरलेलं लागतं. डबा दुसऱ्याच टेबलावर गेला तर चूक. अर्धा तास उशिरा आला तर? गर्दीत पडून सांडला तर? सायकलवरून चोरीला गेला तर? या प्रश्नांची उत्तरं त्या आकड्यांसोबत येत नाहीत. तेव्हा शैक्षणिक लेखनात तो आकडा बलस्थान म्हणून लिहिता येत नाही. फार तर ‘चुका अत्यंत कमी असल्याचं व्यवस्थेतली माणसं सांगतात आणि गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं टिकून असणं त्याला दुजोरा देतं’ एवढं लिहिता येतं. डबेवाल्यांचं काम यामुळे तसूभरही कमी ठरत नाही. उलट त्यांची खरी ताकद या आकड्यामागे झाकली गेली आहे, आणि ती दाखवणं हे केस लिहिणाऱ्याचं काम आहे.

ती ताकद कुठे आहे? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी मोना सिन्हा यांच्यासह २०१०मध्ये डबेवाल्यांवर केस लिहिली आणि २०१२मध्ये एक लेखही लिहिला. त्यांनी चुकांच्या आकड्यापेक्षा कामाच्या रचनेकडे अधिक बारकाईने पाहिलं. त्या माहितीवरून बलस्थानाची ओळ साधारण अशी लिहिता येईल :

‘बलस्थान १. वेळापत्रकाभोवती बांधलेली स्वायत्त गटरचना. लोकल मोठ्या स्टेशनवर सुमारे ४० सेकंद आणि मधल्या स्टेशनवर सुमारे २० सेकंद थांबते. तेवढ्यात क्रेट चढवावे-उतरवावे लागतात. गटात नेहमीच्या माणसांखेरीज काही जास्तीची माणसं ठेवलेली असतात, त्यामुळे एखादा आला नाही तरी लाइन थांबत नाही. झाकणावरच्या मोजक्या खुणांतून डबा कोणत्या भागात, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर जायचा आणि कोणत्या स्टेशनला परतायचा हे कळतं. आधार : प्रकाशित केस, स्टेशनवरील निरीक्षण. प्रश्नाशी संबंध : वेळेची खात्री हे गिऱ्हाईक टिकण्याचं मुख्य कारण.’

‘उत्तम टीमवर्क’ या दोन शब्दांच्या जागी एवढं लिहावं लागतं, आणि म्हणून एका चौकोनात तीन-चारपेक्षा जास्त मुद्दे मावत नाहीत. ते बरंच आहे. या ओळीतला ‘निरीक्षण’ हा शब्द विद्यार्थ्याच्या हातातला आहे. दादर किंवा अंधेरीला सकाळी साडेदहाच्या सुमारास उभं राहून क्रेट मोजता येतात, चाळीसेक डब्यांचं ते ओझं डोक्यावर घेऊन माणूस डब्यात शिरायला किती सेकंद घेतो ते घड्याळावर पाहता येतं. स्वतः पाहिलेलं, कागदोपत्री नोंदलेलं आणि कुणी सांगितलेलं, अशा तीन प्रतींचा पुरावा असतो. प्रत्येक मुद्द्यापुढे त्याची प्रत लिहिली, तर वाचणाऱ्याला कशावर किती भार टाकायचा ते कळतं.

उणिवा आणि धोके यांत सर्वाधिक गल्लत होते. फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो : उद्या ही संस्थाच नसती, तरी ही गोष्ट असती का? असती, तर ती बाहेरची. लोकल पावसात बंद पडणं डबेवाले नसते तरी घडलं असतं. तो धोका. पण डबे नेण्याचं जवळजवळ सगळं काम एकाच वाहनावर बेतलेलं असणं ही व्यवस्थेची स्वतःची निवड आहे. ती उणीव. दोन्ही वाक्यं लोकलबद्दलच आहेत, तरी एक धोक्यांत जाईल आणि दुसरं उणिवांत. अशी विभागणी केली की उपायही वेगवेगळे दिसू लागतात, कारण पाऊस आपल्या हाती नाही, वाहनाची सोय थोडीफार आहे.

संधींच्या चौकोनात ‘ॲप काढणं’ लिहिलेलं दिसतं, तेही तिथे बसत नाही. ॲप काढणं हा संस्थेने करायचा उद्योग आहे, म्हणजे तो पर्याय झाला. त्याची जागा पुढच्या भागात. संधी म्हणजे बाहेरची परिस्थिती : कचेरीत काम करणाऱ्या अनेकांना रोज हॉटेलचं जेवण नको असणं, आणि दुपारच्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवरून लांबचं अंतर वेळेत कापणं अवघड असणं. ही परिस्थिती मांडली, की ॲप हा त्यावरचा एक उपाय ठरतो आणि दुसरे उपायही सुचू शकतात. उपायच संधी म्हणून लिहिला, तर शिफारस आधीच ठरवून मग विश्लेषण रचल्यासारखं होतं. परीक्षकाला हे लगेच दिसतं.

चौकोन भरून झाले की काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. १९८२मध्ये हाइन्झ वाइरिख यांनी हेच चार घटक एकमेकांशी भिडवण्याचा तक्ता मांडला. कोणतं बलस्थान कोणत्या धोक्याला तोंड देईल, कोणती उणीव कोणत्या धोक्याला वाट करून देईल, असं जोडीजोडीने पाहायचं. डबेवाल्यांच्या पानावर सगळ्यात महत्त्वाची जोडी आपल्याला मिळालीच आहे : लोकलवरचं अवलंबन आणि लोकल बंद पडणं. ही एक जोडी मांडून तिच्यावर अर्धं पान लिहिलं, तर ते वीस सुट्या मुद्द्यांपेक्षा मोलाचं ठरतं.

इथेच या पद्धतीची पहिली मोठी मर्यादा समोर येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल ठप्प झाली. डिसेंबर २०१९मध्ये ‘लोकल बंद पडण्याचा धोका’ लिहिणाऱ्याच्या मनात असाच दिवस असणार. मग मार्च २०२० आला. महासाथीत लोकल थांबली आणि नंतर सुरू झाली तीही आधी अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सर्वसामान्य प्रवाशांवरचे निर्बंध पुढे दीर्घकाळ या ना त्या रूपात राहिले. लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना प्रवास खुला झाला ऑगस्ट २०२१मध्ये. डब्यांचा प्रश्न तर त्याहून पुढचा होता, कारण कचेऱ्याच घरी गेल्या होत्या. अनेक डबेवाले मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडे आपल्या गावी परतले, शेती किंवा दुसरं काम धरलं, आणि पूर्वीचा पाच हजारांचा आकडा पुन्हा गाठला गेला नाही.

आता ती ओळ पुन्हा वाचा : ‘लोकल बंद पडण्याचा धोका’. एका दिवसाचा बंद आणि दीड वर्षाची ओढाताण, दोन्ही तिच्यात सारख्याच बसतात. चौकोनाला किती काळ, किती शक्यता आणि किती नुकसान हे विचारायची सोय नाही. म्हणून धोका लिहिताना काळाचं माप सोबत लिहावं : एक दिवस, एक महिना, एक वर्ष. महासाथ कुणी ओळखायला हवी होती, असं मी म्हणत नाही. पण ‘एक महिना लोकल नसेल तर?’ हा प्रश्न विचारायला महासाथीची गरज नव्हती. आणि ‘घरून काम’ हा धोका तर कोणत्याच ओळीत नव्हता. विश्लेषण एका तारखेचं छायाचित्र असतं, ते त्या तारखेसकटच वाचावं लागतं.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. डबेवाले बहुतांशी पुणे जिल्ह्यातल्या त्याच काही तालुक्यांतले, बरेचसे वारकरी, एकमेकांच्या नात्यागोत्यातले. हे बलस्थान आहे का? निश्चित आहे. नवा माणूस ओळखीतून येतो, त्याच्या घरची हमी असते, गिऱ्हाइकाच्या दारात त्याला विश्वासाने उभं केलं जातं, आणि गटातली शिस्त लेखी नियमांपेक्षा गावातल्या नावावर टिकते. आणि हीच उणीवही आहे. त्या गावांतली शिकलेली मुलं दुसऱ्या नोकऱ्या शोधू लागली, की नवी माणसं येण्याचा झराच आटतो. गावची जत्रा असते तेव्हा सगळे एकदम जातात आणि सेवा काही दिवस बंद राहते. एकाच मुळाला दोन्ही फळं लागलेली आहेत. स्वॉटचा तक्ता मात्र सांगतो, एक चौकोन निवडा. विद्यार्थी ‘जिव्हाळा’ डावीकडे लिहितो, ‘मनुष्यबळाची टंचाई’ उजवीकडे लिहितो, आणि दोन्हींचं मूळ एक आहे हे पानावरून नाहीसं होतं. मग शिफारस येते : ‘बाहेरून भरती करावी’. ती पाळली तर डावीकडचं बलस्थानच जाईल, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते डबेवाल्यांच्या केसमधला हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे, आणि तो चौकोनांत मांडताच येत नाही. तो खाली सलग परिच्छेदात लिहावा लागतो.

तिसरी मर्यादा माहिती कुणी दिली याची. डबेवाल्यांवरचं बरंचसं लेखन पदाधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आणि डबा चालू असलेल्या गिऱ्हाइकांवर उभं आहे. ज्यांनी डबा बंद केला, त्यांना फारसं कुणी विचारत नाही. संस्था गिऱ्हाईक का गमावते, हे मात्र त्यांनाच ठाऊक असतं. डबा बंद केलेल्या दहा माणसांशी बोलून लिहिलेली एक उणीव, पदाधिकाऱ्याने सांगितलेल्या पाच उणिवांपेक्षा जास्त वजनाची असते.

या मर्यादा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांपुरत्याच नाहीत. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रूक यांनी ब्रिटनमधल्या २० कंपन्यांनी केलेले स्वॉट तपासले आणि १९९७मध्ये निष्कर्ष मांडले. याद्या सरासरी चाळिसांहून अधिक मुद्द्यांच्या होत्या, शब्द मोघम होते, अग्रक्रम लावलेला नव्हता, मुद्दे पडताळलेले नव्हते. आणि पुढे धोरण ठरवताना त्या याद्या कुणीही वापरल्या नव्हत्या. ही पद्धत माल परत मागवावा तशी मागे घ्यायला हवी, असं त्यांनी शीर्षकातच सुचवलं. मला ते टोकाचं वाटतं. मोघम शब्द आणि न तपासलेले दावे हा चौकोनांपेक्षा लिहिणाऱ्यांचा दोष आहे. मुळं दोन चौकोनांत तुटणं हा मात्र चौकोनांचाच दोष, आणि तो कितीही मेहनत घेतली तरी जात नाही.

म्हणून केस स्टडीतल्या या विभागाला शेवटी ‘मर्यादा’ असा परिच्छेद लागतो. बहुतेक अहवालांत तिथे ‘हे विश्लेषण व्यक्तिनिष्ठ असू शकते’ असं एक वाक्य असतं. ते डबेवाल्यांच्या अहवालातून उचलून साखर कारखान्याच्या अहवालात ठेवलं तरी चालेल, म्हणजे ते डबेवाल्यांबद्दल काहीच सांगत नाही. खरा परिच्छेद असा असेल : ‘हे चित्र डिसेंबर २०१९चं आहे. चुकांच्या प्रमाणाची स्वतंत्र नोंद मिळाली नाही. डबा बंद केलेल्या गिऱ्हाइकांशी बोलता आलं नाही. एकाच भागातून होणारी भरती दोन ठिकाणी नोंदली असली, तरी तिचं कारण एकच आहे. म्हणून भरतीविषयीची शिफारस एका गटात करून पाहिल्याशिवाय सगळीकडे लागू करू नये.’ यातलं शेवटचं वाक्य पाहा. मर्यादेमुळे शिफारस बदलली आहे.

मार्गदर्शक शिक्षकांना माझी विनंती आहे, की या विभागाचे गुण देताना आधी हा शेवटचा परिच्छेद वाचावा आणि मग चौकोनांकडे वळावं. विद्यार्थ्यांनीही तो शेवटच्या रात्री लिहू नये. पहिला मुद्दा लिहिला त्याच दिवशी, त्याचा आधार काय आणि काय मिळालं नाही, हे शेजारी टिपत जावं.